हळदीकुंकवाचं बोलावणं कसं लिहावं: पुण्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

पुण्यातलं संक्रांतीचं हळदीकुंकू ही थोड्या वेळाची भेट असते. बाई दारात चपला काढते, आत येते. घरची बाई तिला हळदीकुंकू लावते, हाताला अत्तर, वर गुलाबपाणी, तिळगूळ, वाण, बशीत थोडं खायला. दोन गप्पा होतात आणि ती पुढच्या घरी निघते, कारण त्याच संध्याकाळी तिला आणखी दोन ठिकाणी जायचं असतं. म्हणून निरोप लिहायला बसण्याआधी एवढं मनाशी ठरवा, की तुम्हाला तिची पंधरा-वीस मिनिटं हवी आहेत आणि ती कोणती पंधरा-वीस मिनिटं हे तिने ठरवायचं आहे. वेळ कशी लिहायची, उत्तर कसं मागायचं, नाही म्हणणारीला काय म्हणायचं, हे सगळं यातूनच ठरतं.

लातूर, नागपूर, जळगाव किंवा महाराष्ट्राबाहेरून पुण्यात आलेल्या आणि पहिल्यांदाच आपल्या घरी बोलावणाऱ्या मुलींना समोर ठेवून हे लिहिते आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला, म्हणजे आंब्याची डाळ आणि पन्हं असतं त्याला, यातलं बरंचसं लागू पडेल. पण इथे संक्रांतीचंच धरून चालू, कारण गर्दी आणि गोंधळ तेव्हा जास्त असतो.

आधी दिवस, मग निरोप

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही हळदीकुंकू करतात. हा काळ दर वर्षी सारखा नसतो. संक्रांत सूर्यावर चालते, त्यामुळे ती १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. रथसप्तमी मात्र माघ शुद्ध सप्तमी, म्हणजे तिथीवर, ती मागेपुढे होते. २०२४ मध्ये १५ जानेवारी ते १६ फेब्रुवारी असा महिनाभर अवधी होता. २०२५ मध्ये तो ४ फेब्रुवारीला संपला. २०२६ मध्ये १४ जानेवारीला संक्रांत आणि २५ जानेवारीला रथसप्तमी, म्हणजे जेमतेम बारा दिवस. त्यात शनिवार-रविवार दोनच वेळा आले आणि त्यातला १८ जानेवारीचा रविवार पौष अमावास्येचा. अमावास्येला हळदीकुंकू न ठेवणारी घरं पुण्यात बरीच आहेत. नोकरी करणाऱ्या बायकांना जमेल असे दिवस उरले तीन: शनिवार १७, शनिवार २४ आणि रविवार २५.

अवधी इतका कमी असला की अख्खी इमारत त्याच तीन दिवसांवर येते. म्हणून कॅलेंडर बघून झालं की पहिला निरोप बोलावण्याचा नसतोच. इमारतीतल्या बायकांच्या ग्रुपवर एवढंच विचारायचं: "२४ तारखेला, शनिवारी, कोणाकडे हळदीकुंकू ठरलंय का? नसेल तर मी ठेवीन म्हणते." खालच्या मजल्यावर आधीच ठरलेलं असेल तर दिवस बदलायलाच हवा असं नाही. दोन घरं एकाच संध्याकाळी असली तर बायकांना उलट बरं पडतं, एकदा साडी नेसली की दोन्हीकडे जाऊन येतात. फक्त तिला आधी विचारायला हवं. तुमच्याकडेही त्याच दिवशी बोलावणं आहे हे तिला ग्रुपवरूनच कळलं, असं नवीन शेजारात होऊ देऊ नका.

मी या यादीतून २४ चा शनिवार निवडला असता. २५ ला रथसप्तमी, म्हणजे शनिवारी जिला जमलं नाही तिच्यासाठी अजून एक दिवस हाताशी राहतो. त्याचा उपयोग पुढे येईल.

वेळ: दोन्ही टोकं लिहा

सगळ्यात जास्त घोटाळा वेळेत होतो. "संध्याकाळी ५ नंतर" असं लिहिलं की येणारीला शेवट कळत नाही. ऑफिसातून साडेसातला घरी पोचणारी मनात म्हणते, आता काय, सगळ्या येऊन गेल्या असतील, आणि येत नाही. तुम्ही मात्र साडेनऊपर्यंत तबक झाकून बसता.

उलट "७ वाजता" असं एकच टोक लिहिलं की सगळ्या सातलाच येतात. हळदीकुंकू लावणं, अत्तर, तिळगूळ, वाण, ओटी भरायची पद्धत असेल तर ती, हे सगळं एकेकीला स्वतःच्या हाताने करायचं असतं. वीस जणी एकदम आल्या तर निम्म्यांना उभं राहावं लागतं, दारात चपलांचा ढीग होतो, आणि तुमचं कोणाशीच धड बोलणं होत नाही. ज्या ओळखीसाठी हा खटाटोप, तीच राहून जाते.

म्हणून तीन तासांची मुदत द्या आणि दोन्ही टोकं आकड्यात लिहा: "संध्याकाळी ५ ते ८, या वेळात केव्हाही." वयस्कर काकू आणि आजी पाच-साडेपाचला येतात, कारण जानेवारीत अंधार लवकर पडतो आणि थंडीही असते. मुलांना क्लासला सोडून येणाऱ्या सहाच्या सुमारास. नोकरीवाल्या सातनंतर. गर्दी आपोआप विभागली जाते. "केव्हाही" हा शब्द गाळू नका. नुसतं "५ ते ८" वाचून नवख्या मुलीला वाटतं की तीन तासांचा कार्यक्रम आहे, आणि तीन तास कुठून काढायचे म्हणून ती नाही कळवते. त्याला जोडूनच "दहा-पंधरा मिनिटं आलात तरी चालेल" असं लिहिलं तर जिचं "नाही" येणार होतं अशा एखादीचं तरी "येते" होतं.

वार आणि तारीख दोन्ही द्या. "या शनिवारी" एवढंच लिहिलेला निरोप कोणी दोन दिवसांनी उघडला, तर हा शनिवार कोणता, हे तिला विचारावं लागतं.

कोणाला, आणि कोणत्या शब्दांत

समजा तुमचं नाव मृण्मयी. कोथरूडमधल्या एका सोसायटीत गेल्या जूनमध्ये राहायला आलात, बी इमारत, फ्लॅट ५०३. यादी केली तर इमारतीतली बारा घरं, ऑफिसातल्या सहा मैत्रिणी, योगवर्गातल्या चार जणी आणि सासूबाईंच्या ओळखीच्या तीन काकू. एकूण पंचवीस बोलावणी. या पंचवीस जणींना एकच मजकूर चालणार नाही, पण पंचवीस वेगळे मजकूरही लागत नाहीत. एक मूळ निरोप करायचा आणि त्यात दोन-तीन ठिकाणी फेरफार करायचे.

त्याआधी एक गोष्ट घरात बोलून घ्यायला हवी आणि ती निरोपापेक्षा महत्त्वाची आहे. जिचे यजमान हयात नाहीत अशा काकूंना, लग्न न झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या मैत्रिणीला बोलावणार आहात का? माझं मत स्पष्ट आहे: बोलवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचं अनुकरण करायला सांगितलं. पुण्यातही कितीतरी घरांत आता हळदीकुंकू सगळ्याजणींचं असतं. पण निरोपात "सगळ्याजणी" लिहायचं आणि घरी तबक मात्र कोणापाशी तरी थबकायचं, हे बोलावलंच नसतं त्याहून वाईट. म्हणून कुंकू कोण लावणार, सासूबाई की तुम्ही, आणि सगळ्यांना लावायचं हे दोघींना मान्य आहे ना, हे निरोप पाठवण्याआधी ठरवा. सासूबाईंची तयारी नसेल तर त्या दिवशी तबक तुमच्या हातात असू द्या. त्यांनी तिळगूळ द्यावा.

मजकुरात "सुवासिनींना", "सौभाग्यवतींना", "सवाष्णींना" हे शब्द घालू नका. छापील नमुन्यांत ते सर्रास असतात आणि एका शब्दात दोन-तीन जणींना दाराबाहेर ठेवतात. "घरातल्या सगळ्याजणींना बोलावणं आहे" हे वाक्य पुरतं. त्यात सासूबाई, राहायला आलेली आई, कॉलेजातली मुलगी, सगळ्या आल्या.

ज्या काकूंना इतकी वर्षं कोणी बोलावलं नाही, त्यांना मात्र नुसता व्हॉट्सॲप निरोप पुरणार नाही. त्यांना तो चुकून आला असं वाटू शकतं. त्यांच्या दारी जाऊन सांगा: "काकू, शनिवारी आमच्याकडे हळदीकुंकू आहे, तुम्ही या. कुंकू लावायचं की नुसता तिळगूळ घ्यायचा, ते तुमच्या मनाप्रमाणे." हे दुसरं वाक्य फार मोलाचं. काहींना कुंकू लावून घ्यायला मनापासून आवडेल, काहींना चारचौघींत अवघडल्यासारखं होईल. निवड आधीच त्यांच्या हातात दिली की त्या दिवशी दारात दोघींचीही पंचाईत होत नाही.

समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण मुसलमान किंवा ख्रिस्ती असेल, किंवा दुसऱ्या राज्यातली असेल आणि तिला हा प्रकारच नवा असेल, तर तिलाही हेच सांगायचं, फक्त काय असतं ते एका वाक्यात जोडायचं: "बायका एकमेकींना भेटतात, तिळगूळ देतात, छोटीशी भेटवस्तू देतात. हळदीकुंकू लावायचं की नाही ते तुम्ही ठरवा." काही लोक मोकळेपणाने येतात, काही येत नाहीत, आणि दोन्हीत गैर काही नाही.

पहिला मसुदा आणि त्यात काय अडतं

इंटरनेटवर मिळणाऱ्या नमुन्यांवरून मृण्मयीने पहिला मसुदा असा केला असं धरू:

"सस्नेह निमंत्रण! मकरसंक्रांतीच्या शुभपर्वानिमित्त आमच्या निवासस्थानी हळदीकुंकू समारंभ आयोजित केला आहे. तरी सर्व सुवासिनींनी शनिवारी सायं. ५ नंतर अगत्य येण्याचे करावे. आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे. कोणतेही कारण चालणार नाही!"

वाचायला भारदस्त आहे. पण यात तारीख नाही, शेवटची वेळ नाही, फ्लॅटचा नंबर नाही आणि पाठवणारीचं नावही नाही. जून महिन्यात आलेल्या मुलीचा नंबर निम्म्या इमारतीने अजून साठवलेला नसतो, त्यांना हा निरोप एका अनोळखी आकड्यावरून येतो. "समारंभ" म्हटल्यावर पैठणी नेसून जायला हवं का, काही भेट न्यायला हवी का, असे प्रश्न पडतात. शेवटचं वाक्य लाडिक म्हणून लिहिलेलं असतं, आपल्याकडे आग्रह ही रीतच आहे. पण जिला खरंच येता येणार नाही तिने आता उत्तर काय द्यायचं? कारण दिलं तर ते "चालणार नाही", न दिलं तर उद्धट दिसतं. मग ती गप्प बसते, आणि तुम्हाला आकडा कळत नाही.

दुसरा, पाठवलेला मसुदा:

"नमस्कार काकू, मी मृण्मयी, बी-५०३ मधली.

आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू शनिवारी, २४ जानेवारीला आहे. संध्याकाळी ५ ते ८ या वेळात तुमच्या सोयीने केव्हाही या. दहा-पंधरा मिनिटं आलात तरी खूप बरं वाटेल.

घरातल्या सगळ्याजणींना बोलावणं आहे. तिळगूळ आणि थोडा फराळ आहे, जेवण नाही. येताना काही आणू नका.

गुरुवारी रात्रीपर्यंत 'येते' किंवा 'नाही जमत' एवढं कळवाल का? येत असाल तर किती जणी तेही सांगा, म्हणजे वाण त्या अंदाजाने आणते. नाही जमलं तरी काही हरकत नाही, कारण सांगायची गरज नाही.

मृण्मयी, बी-५०३, लिफ्टमधून बाहेर आल्यावर डावीकडे"

यातल्या काही गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. "फराळ आहे, जेवण नाही" हे सांगितल्याने येणारी घरचा स्वयंपाक करायचा की नाही ते ठरवू शकते. मटार करंजी आणि मसाला दूध असेल तर तसंच लिहिलं तरी चालतं. "काही आणू नका" हे पुण्यातल्या जुन्या बायकांना सांगावं लागत नाही, पण बाहेरून आलेल्या शेजारणी हातात मिठाईचा डबा घेऊन येतात आणि इतर रिकाम्या हाताने आलेल्या बघून ओशाळतात.

मैत्रिणीला हाच निरोप जाताना "तुम्ही" चं "तू" होतं आणि एक वाक्य वाढतं: "ऑफिसातून थेट आलीस तरी चालेल, साडीबिडीचं काही नाही." संक्रांतीला काळी साडी नेसायची हौस असते, फोटो सुंदर येतात, पण निरोपात तिचा आग्रह धरला की कपडे बदलायला घरी जावं लागणारी मैत्रीण गळते. काळी साडी हवी तर "हौस असेल तर" म्हणून घाला.

बाहेरून येणारीला अजून दोन ओळी: गेटवर बी-५०३ सांगायचं, आणि गाडी लावायला आत जागा आहे की नाही. संध्याकाळी सहाला कर्वे रस्त्यावरून येणाऱ्या माणसाला पार्किंग नाही हे घराशी पोचल्यावर कळू नये. वनाज-रामवाडी मेट्रोचं जवळचं स्थानक, आपल्या उदाहरणात आनंदनगर, लिहिलंत तर काही जणी गाडी काढणारच नाहीत. सोबत नकाशावरचं ठिकाण पाठवा.

सासूबाईंच्या ओळखीच्या तीन काकूंना मात्र सासूबाईंनीच फोन करायचा. त्यांना सुनेचा व्हॉट्सॲप निरोप म्हणजे बोलावणंच वाटत नाही. फोन झाल्यावर दिवस-वेळ लक्षात राहावी म्हणून मागाहून तोच मजकूर पाठवला की झालं.

नाही म्हणायची वाट

"कारण सांगायची गरज नाही" हे वाक्य काहींना कोरडं वाटतं. माझ्या मते पूर्ण निरोपातलं सगळ्यात मायेचं वाक्य तेच आहे. हळदीकुंकवाला न येण्याची कारणं बऱ्याचदा सांगण्यासारखी नसतात. कोणाच्या घरी सुतक असतं, कोणाला पाळी आलेली असते आणि ती ते पाळते, कोणाला मूल होत नाही आणि ओटीच्या वेळी येणारे प्रश्न नको असतात, कोणाचं नवऱ्याशी बिनसलेलं असतं आणि सौभाग्याच्या गप्पांत बसायचं नसतं. कोणाला कुंकू-हळद हा प्रकारच पटत नाही. तुम्ही कारण मागितलंत, किंवा कारणाची वाट पाहताय असं जाणवलं, तरी तिला खोटं बोलावं लागतं.

म्हणून तिला वापरायचे शब्दही तुम्हीच द्या. 'येते' आणि 'नाही जमत' असे दोन तयार शब्द दिले की दोन्हींना सारखंच वजन येतं आणि उत्तर टाइप करायला दोन सेकंद पुरतात. नुसतं "कृपया कळवा" लिहिलं की लोक अंगठा पाठवतात, आणि अंगठ्याचा अर्थ "वाचलं" आहे की "येते" आहे, हे कळत नाही.

मुदत द्या आणि तिचं खरं कारणही सांगा. इथे ते वाण आहे. शुक्रवारी संध्याकाळी तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत जाऊन ते आणायचं तर गुरुवारी रात्री आकडा हाती हवा. कारण कळलं की बायका वेळेत उत्तर देतात, नुसत्या "लवकर कळवा" ला देत नाहीत.

आणि नकार आला की तुमचं उत्तर काय असावं? "अगं असं कसं, यायलाच हवं!" हे तोंडात आलेलं परत गिळा. पहिल्यांदा तुम्ही मोकळीक दिलीत आणि ती घेतल्यावर काढून घेतलीत असं होतं. "बरं, काही हरकत नाही. सवडीने भेटू" एवढं त्याच दिवशी पाठवा. उत्तर न देता सोडू नका, नाहीतर तिला वाटतं तुम्ही रागावलात.

पाठवायचा कसा

इमारतीच्या ग्रुपवर टाकणं सोपं वाटतं, पण तिथे नकार सगळ्यांसमोर द्यावा लागतो. पहिल्या चार जणींनी "नक्की येते" लिहिल्यावर पाचवीला "नाही जमत" लिहिणं जड जातं. ग्रुपवरच्या मतदानाचंही तसंच, कोणी काय निवडलं त्यांची नावं सगळ्यांना दिसतात. शिवाय ग्रुपवरचं बोलावणं सगळ्यांना असतं म्हणून कोणालाच नसतं, असं जुन्या बायका मानतात, आणि त्यात तथ्य आहे.

ब्रॉडकास्ट लिस्टचा मार्ग नवख्यांना हमखास फसवतो. ज्यांनी तुमचा नंबर साठवलेला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो. तुम्ही नव्या असल्याने ज्या शेजारणींपर्यंत पोचायचं आहे त्यांनीच तो साठवलेला नसतो. तुमच्या बाजूला निरोप गेलेला दिसतो, आणि नंतर एखादी म्हणते, मला कुठे बोलावलं होतं. एकच बरोबरची खूण असलेल्या निरोपांची त्या दिवशी रात्री एकदा पाहणी करा, पण मुळात हा मार्गच टाळलेला बरा.

पंचवीस निरोप एकेकीला पाठवायला फार वेळ लागत नाही. मूळ मजकूर कॉपी करायचा, वरचं नाव आणि तू-तुम्ही बदलायचं. 'फॉरवर्ड' करू नका, त्याने वैयक्तिक बोलावण्याची चव जाते. कमळाची, तबकाची तयार चित्रं हौसेने पाठवायची असतील तर मजकुराच्या सोबत पाठवा, मजकुराऐवजी नको. चित्रातली तारीख नंतर शोधून सापडत नाही आणि बारीक अक्षर आजींना वाचता येत नाही.

पाच-सहा दिवस आधी पाठवणं पुरेसं असतं. २४ च्या शनिवारसाठी १८-१९ तारखेला. त्याहून आधी पाठवलं तर विसरतं, दोन दिवस आधी पाठवलं तर त्यांचं दुसरीकडे ठरलेलं असतं. इमारतीतल्या घरी निरोप पाठवल्यावर जिन्यात किंवा लिफ्टमध्ये भेट झाली की तोंडानेही म्हणा, "काकू, शनिवारचं लक्षात आहे ना?" नव्या माणसाचं बोलावणं खरं वाटायला तेवढं लागतंच.

उत्तरं आल्यावर

मृण्मयीच्या पंचवीस बोलावण्यांवर गुरुवारी रात्री समजा असं चित्र आहे: तेरा ठिकाणांहून 'येते', पाच ठिकाणांहून 'नाही जमत', तीन ठिकाणांहून 'बघते', आणि चार ठिकाणांहून काहीच नाही.

पुण्यात "बघते गं", "प्रयत्न करते", "जमलं तर नक्की" याचा अर्थ बहुतेक वेळा सौम्य नकार असतो. तिला पुन्हा विचारून पेचात टाकू नका, मनातल्या मनात नकारात धरा आणि एक-दोन वाणं जास्त ठेवा. काहीच न कळवणाऱ्या चौघींपैकी इमारतीतली एखादी ऐन वेळी सहज येतेच, कारण तिला खाली उतरायचं असतं इतकंच. बाहेरून येणारी न कळवता क्वचितच येते.

मग हिशेब: तेरा ठिकाणांहून तेरा जणी, त्यांच्यासोबत येणाऱ्या सासूबाई, आई, मुली मिळून कळवलेल्या चार, म्हणजे सतरा. 'बघते' वाल्या आणि न कळवलेल्या धरून आणखी पाच. बावीस झाली. वाटी, डबी, कापडी पिशवी अशा गोष्टी डझनावर घेतल्या तर बऱ्या पडतात, म्हणून चोवीस घ्यायची. वाण उरलं तर पुढच्या वर्षापर्यंत टिकेल असंच निवडा. फराळाचं इतकं काटेकोर लागत नाही, कारण दोन-तीन घरं फिरणाऱ्या बायका प्रत्येक ठिकाणी थोडंच खातात.

शनिवारी सकाळी आठवणीचा निरोप फक्त 'येते' म्हणालेल्यांना पाठवायचा, एका ओळीत: "आज संध्याकाळी ५ ते ८, बी-५०३. वाट बघते." 'बघते' म्हणालेल्यांना आणि गप्प राहिलेल्यांना तो पाठवला की तगादा होतो. त्यांच्यासाठी दार उघडं आहे हे पहिल्या निरोपातच सांगून झालेलं असतं.

आठ वाजून गेल्यावर कोणी धापा टाकत आली तर घड्याळाकडे न बघता तिला आत घ्या आणि तबक पुन्हा बाहेर काढा. आठ ही वेळ येणाऱ्यांच्या सोयीसाठी लिहिलेली असते, तिला अडवायला लिहिलेली नसते. आणि शनिवारी रात्री दोन-चार वाणं उरली, 'नाही जमत' म्हणालेल्यांपैकी कोणी शेजारीच राहत असेल, तर तिला एवढं लिहा: "तुझ्यासाठी वाण ठेवलंय. उद्या रथसप्तमी आहे, दिवसभर घरीच आहे, सहज वाटलं तर ये." त्यावर उत्तर आलं नाही तर दुसरा निरोप पाठवायचा नाही.